घरभर एकच पासवर्ड आणि दर रविवारी अडणारा टीव्ही

आधी लक्षणं सांगते, म्हणजे हे तुमच्या घराबद्दल आहे की नाही ते लगेच कळेल.

रविवारी संध्याकाळी गावाकडून फोन येतो, "अगं, टीव्ही परत पासवर्ड मागतोय." तुम्ही एकेक अक्षर सांगता, पलीकडे रिमोटचे बाण दाबत एकेक अक्षर शोधलं जातं आणि शेवटी "पासवर्ड चुकीचा आहे" असं येतं. मग कळतं, दादाने मागच्या आठवड्यात तो बदलला आणि फक्त वहिनीला सांगितला.

आणखी काही लक्षणं:

- मॅच रंगात आलेली असताना "सध्या जास्त पडद्यांवर बघितलं जात आहे" असा संदेश येतो.
- "पुढे बघा"च्या रांगेत अशा मालिका दिसतात ज्या घरातल्या कोणीच लावलेल्या नाहीत.
- कोणी काही केलेलं नसताना वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी येतो.
- घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी "पासवर्ड काय आहे रे?" हा प्रश्न पडतो आणि तिथेच उत्तरही पडतं.
- तो पासवर्ड म्हणजे घरातल्या पोराचं नाव, मग @ आणि जन्मसाल. आणि तोच डीटीएचला, तोच वीजबिलाच्या खात्याला, तोच ईमेललाही.

शेवटचं लक्षण जुळत असेल तर बाकीची आज ना उद्या दिसणारच.

हा बिघाड मी माहेरी, सासरी, आत्याकडे आणि समोरच्या काकूंकडे मिळून इतक्यांदा काढला आहे की मोजणं सोडून दिलंय. सुरुवातीची काही वर्षं मी फक्त नवा, अवघड पासवर्ड ठेवून यायचे. महिन्याभरात कोणीतरी तो परत सोपा केलेला असायचा. त्यांना आळशी म्हणून मी चिडायचे. मग एकदा कराडला बाबांच्या शेजारी बसून त्यांना माझा तो सोळा अक्षरी पासवर्ड रिमोटने भरताना पाहिलं. अकराव्या अक्षराला बाण चुकला आणि "मागे जा"चं बटण दाबलं गेलं, की सगळं पुसलं. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा मीच म्हणाले, "बाबा, राहू द्या."

कमकुवत पासवर्ड दोन जागी जन्माला येतो: रिमोटने टाइप करताना आणि फोनवरून सांगताना. या दोन्ही जागा बंद करता येतात. त्या बंद झाल्या की पासवर्ड कितीही लांब असला तरी कोणाचं काही अडत नाही. खालच्या तपासण्या त्याच दिशेने जातात, फुकट आणि सोप्या आधी, वेळखाऊ नंतर.

पडद्यावर नेमकं काय लिहिलंय?

फोनवर फक्त "लॉगिन होत नाही" एवढंच कळतं. म्हणून मी पहिल्यांदा टीव्हीच्या पडद्याचा फोटो मागवते. तीन वेगळे संदेश असतात, आणि घरात तिघांनाही "पासवर्डची कटकट" म्हणतात.

एक संदेश पडद्यांच्या संख्येचा. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड प्लॅनवर एका वेळी दोन आणि प्रीमियमवर चार पडदे चालतात. हा संदेश आला तर पासवर्ड बदलण्याआधी ग्रुपवर विचारा, आत्ता कोण कोण बघतंय? आकडा जुळला तर बिघाड नाहीच. जुळला नाही तर पुढच्या तपासणीकडे जा.

दुसरा संदेश सांगतो की हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही "एक खातं, एक घर" हा नियम लावला आहे. कराडचा टीव्ही आणि पुण्याचा टीव्ही त्यांच्या हिशेबाने दोन घरं आहेत. इथे पासवर्ड बरोबरच असतो, त्यामुळे तो बदलून काहीही साधत नाही. जो वेगळा राहतो त्याने वेगळं खातं घ्यायचं. "माझी सगळी हिस्टरी जाईल" ही हरकत आली तर प्रोफाइल दुसऱ्या खात्यावर हलवण्याची सोय तिथेच आहे. पाहिलेलं, आवडीची यादी, सुचवण्या सगळं बरोबर येतं. प्रवासात असाल तर तात्पुरता कोड मागवता येतो. तो खातेदाराच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर येतो आणि पंधरा मिनिटं चालतो.

तिसरा संदेश खराखुरा: पासवर्ड चुकीचा. अक्षर भरताना चुकलं नसेल तर कोणीतरी तो बदलला आहे. घरातल्या कोणी बदलला असेल तर चहा पिऊन पुढे चला. कोणीच बदलला नसेल तर बाकीचं सोडून थेट ईमेलच्या भागाकडे जा.

यादीत कोण कोण बसलंय?

जवळजवळ प्रत्येक सेवेत, खात्याच्या सेटिंगमध्ये, लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी मिळते. नेटफ्लिक्सवर ती `Manage Access and Devices` या नावाने आहे. ही यादी बघायला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो.

गेल्या दिवाळीत कराडला ही यादी उघडली तेव्हा अकरा उपकरणं निघाली. घरात सहा. बाकी पाचांचा शोध घेताना अर्धा फराळ संपला. एक टीव्ही मे महिन्यात आम्ही राहिलेल्या कोकणातल्या होमस्टेचा होता. पोरांनी रात्री कार्टून लावलं आणि सकाळी आम्ही बॅगा भरून निघालो, टीव्ही मात्र आमच्याच नावाने चालू राहिला. तेव्हापासून तिथे येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या खात्यावर सिनेमे बघत होता. दोन फोन बाबांनी एक्स्चेंजमध्ये दिलेले. एक लॅपटॉप दादाच्या बेंगळुरूच्या जुन्या रूममेटचा. पाचव्याचा मात्र शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यादीत दिसणारं गावाचं नाव अंदाजाने काढलेलं असतं, इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून. कराडच्या टीव्हीसमोर "पुणे" किंवा "मुंबई" दिसणं अगदी नेहमीचं आहे. आत्याने एकदा "मुंबईत कोणीतरी बसलंय" म्हणून रात्री साडेदहाला फोन केला होता. तो तिचाच फोन होता. गावापेक्षा उपकरणाचा प्रकार आणि शेवटचा वापर कधीचा, हे बघा.

ओळखीचं नसलेलं तेवढंच बाहेर काढता येतं, पण पासवर्ड तोच राहिला तर ते परत आत येऊ शकतं. म्हणून आत्ता यादीचा फक्त स्क्रीनशॉट काढून ठेवा. सगळ्यांना बाहेर काढण्याचं बटण नवा पासवर्ड ठेवताना दाबायचं आहे.

जुना पासवर्ड किती लांब पोचलाय?

घरच्या ग्रुपमध्ये शोधायच्या खिडकीत `password` टाइप करा. मग `पासवर्ड` टाकून बघा. आमच्या ग्रुपमध्ये चार वर्षांत सात वेळा पासवर्ड टाकलेला सापडला, त्यात एकदा चुकून सोसायटीच्या ग्रुपवर. ते संदेश पुसत बसू नका. व्हॉट्सअॅपवर "सगळ्यांसाठी पुसा" साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं, आणि जुने संदेश सगळ्यांच्या फोनवर, बॅकअपमध्ये राहिलेलेच असतात. तो पासवर्ड गावजेवणाला बसला आहे असं धरून चाला.

दुसरी फुकट तपासणी `haveibeenpwned.com` या साइटवर. ट्रॉय हंट या सुरक्षा-तज्ज्ञाने २०१३ मध्ये ती सुरू केली. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा. आजवर फुटलेल्या कोणकोणत्या डेटामध्ये तो सापडला आहे ते दिसतं. बाबांचा ईमेल एका जुन्या खरेदीच्या साइटच्या फुटलेल्या यादीत होता. याचा स्ट्रीमिंगशी काय संबंध, असं बाबांनी विचारलं. संबंध असा की फुटलेल्या यादीतली ईमेल आणि पासवर्डची जोडी घेऊन यंत्रं शेकडो साइटवर आपोआप लावून बघतात. कोणी बाबांच्या मागे लागलेलं नसतं. एकच किल्ली दहा कुलपांना असेल तर एक कुलूप फुटल्यावर बाकीची नऊ नुसती लावून बघायची असतात.

म्हणून सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षाही तोच पासवर्ड सगळीकडे ठेवणं जास्त धोक्याचं, असं माझं ठाम मत आहे. वेळ कमी असेल तर निदान ईमेलचा पासवर्ड बाकीच्यांपासून तोडा.

ईमेल आधी, बाकी नंतर

इथून पुढे तास-दीड तास काढावा लागतो. आणि क्रम चुकवायचा नाही.

बहुतेक सेवांवर "पासवर्ड विसरलात?" दाबलं की नवा पासवर्ड ठेवायची लिंक ईमेलवर जाते. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात सगळं. तुम्ही स्ट्रीमिंगचा पासवर्ड कितीही दणकट केलात आणि ईमेल मात्र त्याच जुन्या नाव-सालावर राहिला, तर पुढच्याच मिनिटाला तुमचा नवा पासवर्ड कोणीही रद्द करू शकतं. आमच्याकडे बाबांच्या ईमेलचा पासवर्ड आणि टीव्हीचा पासवर्ड एकच होता. म्हणजे ज्या रूममेटला सिनेमा बघायला पासवर्ड दिला, त्याला नकळत बाबांच्या बँकेची पत्रं वाचायची सोयही करून दिली होती.

ईमेल उघडून आधी त्याची उपकरणांची यादी बघा. मग पुनर्प्राप्तीसाठी, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायला, दिलेला मोबाइल नंबर बघा. हा नंबर बंद पडलेला असतो, असं मला दर दुसऱ्या घरात आढळतं. बंद झालेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे कोड त्याच्याकडे जातात. नंबर बदला, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरही खात्री, चालू करा. जीमेलवर तुम्हाला आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव कोड मिळतात, फोन हरवला तर वापरायला. ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. हो, कागदावरच. घरातल्या स्टीलच्या कपाटापर्यंत पोचणारा चोर दागिने नेईल, ईमेलचे कोड नाही.

आता एक बदल, ज्याने आमच्या घरचे निम्मे फोन थांबले. घरच्या सेवांसाठी एक वेगळा ईमेल उघडला. स्ट्रीमिंग, डीटीएच, ब्रॉडबँड, पेपरचं ई-वाचन एवढंच त्यावर. बँक, आधार, म्युच्युअल फंड यातलं काहीही नाही. ते ज्याचं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर. हा घरचा ईमेल आईच्या आणि माझ्या, दोघींच्या फोनवर उघडा असतो. त्यामुळे सेवेचा कोड ईमेलवर आला की दोघींना दिसतो, आणि बाबा दुपारचे झोपलेत म्हणून कोणाचं काही अडत नाही.

नवा पासवर्ड, जो कोणी टाइप करणार नाही

ईमेल झाल्यावर एकेका सेवेचा पासवर्ड बदला, प्रत्येकीचा वेगळा. बदलताना "सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढा" अशी खूण दिसते, ती करायचीच. होमस्टेचा टीव्ही, एक्स्चेंजचे फोन, रूममेट आणि तो बेपत्ता पाचवा, सगळे एका टिचकीत गेले.

पासवर्ड फोनच्या पासवर्ड व्यवस्थापकाला, म्हणजे पासवर्ड बनवून, जपून, वेळेला स्वतःच भरणाऱ्या सोयीला, तयार करू द्या. अँड्रॉइडवर गूगलचा आहे, आयफोनवर ॲपलचा. तो जे काही अगम्य बनवेल ते वाचायची गरजच नाही. फक्त दोन ठिकाणी डोक्यात राहील असा पासवर्ड लागतो: ईमेलचा, आणि व्यवस्थापक वेगळा घेतलात तर त्याचा. तिथे चार असंबद्ध शब्द चालतात. शब्दकोश डोळे मिटून चार ठिकाणी उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. "आईबाबाघरसुख" असे मनाने सुचलेले शब्द नकोत. तुम्हाला सुचलं ते दुसऱ्यालाही सुचतं. नमुना असा दिसेल, हाच मात्र वापरू नका:

```
dongar-topli-modak-tikhat
```

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना एक खास खड्डा आहे. "वाट" म्हणजे `vat`, `vaat`, `wat` की `waat`? आईने एक लिहिलं, मी दुसरं टाइप केलं आणि पाच प्रयत्नांत खातं थोड्या वेळासाठी बंद पडलं. म्हणून ज्यांचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं असे शब्द निवडा; व, श, ळ आणि दीर्घ आकार शक्यतो टाळा. नाहीतर शब्दकोशात पुन्हा बोट टाका.

टीव्हीवर पासवर्ड भरायचाच नाही

रिमोटची कटकट इथे संपते. आजच्या बहुतेक स्मार्ट टीव्हीवर, लॉगिनच्या पानावर, फोनवरून लॉगिन करण्याचा पर्याय असतो. तो निवडला की टीव्हीवर एक क्यूआर कोड किंवा एक छोटा वेब-पत्ता आणि काही अक्षरांचा कोड दिसतो. ज्या फोनवर खातं आधीच उघडं आहे, त्या फोनवर तो पत्ता उघडून कोड टाकायचा. टीव्ही आपोआप सुरू होतो. पासवर्ड टीव्हीपर्यंत जातच नाही.

कराडच्या टीव्हीसाठी मी पुण्यातून हे असं करते. बाबा टीव्हीवर कोडचं पान उघडतात, त्याचा फोटो पाठवतात, मी माझ्या फोनवर कोड टाकते. पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा म्हणाले, "एवढंच? मग इतकी वर्षं आपण काय करत होतो?" कोड काही मिनिटांतच शिळा होतो, म्हणून फोटो पाठवण्याआधी फोन करायचा, नंतर नाही. काही अॅपना फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर लागतात. तिथे हे दुरून जमत नाही, गावी गेल्यावर करावं लागतं.

दोन ठिकाणी सावध राहा. टीव्हीवर दिसणारा पत्ता ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जसाच्या तसा टाइप करा, गूगलवर शोधू नका. शोधलंत तर "टीव्ही अॅक्टिव्हेशन मदत" नावाची बनावट पानं आणि पैसे मागणारे नंबर समोर येऊ शकतात. खरी सेवा कोड टाकायला वेगळे पैसे घेत नाही. आणि कोड फक्त आपल्या समोरच्या किंवा आपल्या माणसाच्या टीव्हीवरचा टाका. अनोळखी माणसाने पाठवलेला कोड टाकणं म्हणजे त्याच्या टीव्हीला आपल्या खात्यात घेणं.

होमस्टेत, हॉटेलात गेलात तर याच पद्धतीने लॉगिन करा, आणि निघताना टीव्हीवरून बाहेर पडायला विसरलात तरी घरी येऊन यादीतून ते उपकरण काढा.

ज्याला खरंच पासवर्ड हवा त्याला तो कसा द्यायचा?

आधी विचारा, त्याला पासवर्ड हवा आहे की फक्त सेवा हवी आहे? यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनमध्ये खातेदार एकाच घरात राहणाऱ्या आणखी पाच जणांना घेऊ शकतो, आणि प्रत्येक जण स्वतःच्याच गूगल खात्याने आत येतो. वाटायला पासवर्ड उरतच नाही. अशी सोय असेल तर पुढचं काही वाचू नका, तीच घ्या. जिओहॉटस्टारसारख्या सेवा मोबाइल नंबर आणि ओटीपीवर चालतात. तिथे प्रश्न एवढाच की नंबर कोणाचा. जो दिवसभर फोन उचलतो त्याचा द्या, ज्याच्या नावावर घर आहे त्याचा नव्हे.

नेटफ्लिक्ससारख्या एकाच पासवर्डच्या सेवेला, एकाच घरात राहणाऱ्या दोघा-तिघांत, पासवर्ड वाटण्याची रीतसर सोय व्यवस्थापकातच असते. आयफोनवाल्यांच्या घरात आयओएस १७ पासून सामायिक पासवर्डांचा गट करता येतो. एकाने बदलला की सगळ्यांकडे बदलतो. गूगलच्या व्यवस्थापकात फॅमिली ग्रुपमधल्यांना पासवर्ड पाठवता येतो, पण तिथे त्यांच्याकडे प्रत जाते. तुम्ही पुढे पासवर्ड बदललात तर पुन्हा पाठवावा लागतो. "मला जुनाच दिसतोय" ही तक्रार त्यातूनच येते. घरात आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही असतील तर बिटवॉर्डन हा दोन्हींवर चालणारा व्यवस्थापक सोयीचा. त्याच्या मोफत आवृत्तीत दोन माणसांना पासवर्ड सामायिक ठेवता येतात. आमच्याकडे ती दोन माणसं म्हणजे मी आणि दादा. जास्त माणसं हवी असतील तर पैसे भरून सहा जणांचा फॅमिली प्लॅन घ्यावा लागतो.

मर्यादाही ऐकून ठेवा. पासवर्ड एकदा दिला की तो त्या माणसाला दिसू शकतो. गटातून काढलंत म्हणून तो त्याच्या डोक्यातून जात नाही. घरातलं कोणी वेगळं राहायला गेलं, रूममेट बदलला, की पासवर्ड बदलायचाच. भांडण नको म्हणून आम्ही तो दर दिवाळीच्या साफसफाईत बदलतो. कोणावर संशय घेतल्यासारखं वाटत नाही.

आईचं काय? तिला व्यवस्थापक नको होता. तिच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर चार शब्द लिहिले, पासवर्ड कशाचा ते न लिहिता. मला हे पूर्ण मान्य आहे. वहीतला दणकट पासवर्ड ग्रुपवरच्या सोप्या पासवर्डपेक्षा कितीतरी बरा.

वीज, गॅस, वाय-फाय: इथे लॉगिन वाटायचीच गरज नसते

महावितरणचं बिल भरायला बाबांचं लॉगिन लागत नाही. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट असेल तर बिल दिसतं आणि भरता येतं. मी माझ्या स्वतःच्या खात्यात कराडची जोडणी टाकून ठेवली आहे. बाबांचं खातं बाबांकडेच.

गॅसचं उलटं आहे. तिथे लॉगिनपेक्षा नोंदवलेला नंबर महत्त्वाचा, कारण सिलिंडर देताना डिलिव्हरीवाला त्या नंबरवर आलेला कोड मागतो. सोयीसाठी मी कराडच्या कनेक्शनला माझा नंबर दिला होता. सिलिंडर दारात, कोड पुण्यात, आणि मी मीटिंगमध्ये फोन बंद करून. आईने त्या माणसाला चहा दिला म्हणून तो थांबला. दुसऱ्याच दिवशी एजन्सीत जाऊन आईचा नंबर लावला.

वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांना सांगू नका. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं जाळं चालू करा आणि त्याचा क्यूआर कोड अँड्रॉइड फोनमधून काढून, छापून टीव्हीमागे चिकटवा. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि तो बऱ्याच घरांत अजून `admin` असतो. बसवायला आलेल्या माणसाकडूनच तो बदलून घ्या.

इथे थांबा आणि मदत घ्या

ईमेलमध्ये शिरताच येत नाही, आणि पुनर्प्राप्तीचा नंबर कोणीतरी बदललेला दिसतो. अशा वेळी ईमेल कंपनीच्या अधिकृत पुनर्प्राप्तीच्या पानावरूनच अर्ज करा, शक्यतो नेहमीच्या फोनवरून आणि घरच्याच वाय-फायवरून. जुनी ओळखीची जागा दिसली तर खातं परत मिळण्याची शक्यता वाढते. "खातं परत मिळवून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही पैसे किंवा ओटीपी देऊ नका.

खात्याला जोडलेल्या कार्डातून किंवा यूपीआयमधून पैसे गेले असतील तर पासवर्ड बदलत बसू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे मिनिटांचा हिशेब असतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला वापरा, शोधून सापडलेला नाही.

आणि न मागितलेले ओटीपी एकामागून एक येत असताना अचानक मोबाइलचं नेटवर्कच गेलं, घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला मात्र आहे, तर हे काम घरातल्या "कॉम्प्युटरवाल्या"चं राहिलं नाही. तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर गेलेला असू शकतो. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला कळवून नंबर बंद करा, बँकेला सांगा, १९३० ला सांगा, आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा. टीव्ही तोपर्यंत बंद राहिला तरी चालेल.